नोव्हेंबरचा बुटका खांब

नमस्कार ताई,
मी इंदूरच्या एका नमकीन कारखान्यात एमआयएस बघते. दर महिन्याला विक्रीचा बारा-चौदा स्लाइडचा डेक करते आणि प्रत्येक चार्टखाली दोन-तीन ओळी लिहिते. परवाच्या मीटिंगमध्ये शेठजी म्हणाले, "बेटा, खांब छोटा है ये तो मुझे भी दिख रहा है, आगे बताओ." सगळे हसले. मला आकडे कळतात, पण त्यांच्याखाली काय लिहायचं तेच सुचत नाही. नोव्हेंबर २०२४ चा डेक सोबत पाठवतेय. माझं नेमकं काय चुकतंय?
– अ., सुदामानगर

अगं अ.,

तुझा डेक मी दोनदा पाहिला. एकदा लॅपटॉपवर आणि एकदा मोबाइलवर, कारण तुझे शेठजी नंतर तो मोबाइलवरच उघडत असणार आणि तेव्हा समजावून सांगायला तू शेजारी नसतेस. तुमचा कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलून घेतलेत. डेक हिंदी-इंग्रजीत आहे, आपण बोलतोय मराठीत, तेव्हा वाक्यं तुझी तू उतरवून घे.

चौथ्या स्लाइडपासून सुरू करू, कारण हसू तिथेच फुटलं असणार. दोन खांब आहेत. नोव्हेंबर २०२३, साडेसात कोटी. नोव्हेंबर २०२४, पाच कोटी चाळीस लाख. खाली तू लिहिलंयस, "सदर आलेखावरून असे दिसून येते की नोव्हेंबर महिन्यातील विक्रीमध्ये गतवर्षीच्या तुलनेत लक्षणीय घट झाली असून ती २८ टक्के आहे. विक्रीवाढीसाठी विशेष प्रयत्नांची गरज आहे."

आपल्या इंदूरचे सुशील दोशी रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे, तेव्हा चेंडू कुठे गेला हे त्यांना सांगावंच लागे, कारण ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसे. टीव्हीवर कोणी "चेंडू सीमारेषेपार" एवढंच म्हणत बसला तर आपण आवाज बंद करतो. तुझं पहिलं वाक्य रेडिओचं आहे आणि शेठजी टीव्ही बघतायत. दुसरं वाक्य तर कुठल्याही चार्टखाली, कुठल्याही महिन्यात चालेल. "विशेष प्रयत्न" म्हणजे कोणी, काय, कधी करायचं?

पण खरी अडचण भाषेची नाहीच. हे वाक्य कितीही छान लिहिलं असतंस तरी ते चूकच राहिलं असतं, कारण ते दोन खांब एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत.

दिवाळी आठव. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावरून घराघरांत वाद झाला, पण काहीही धरलं तरी दिवाळी अकरा-बारा दिवस अलीकडे आली. दुकानात सेव-मिक्स्चर पूजेच्या आदल्या दिवशी विकलं जात असेल, तुमच्या गोदामातून मात्र ते त्याच्या आधीचे तीन आठवडे निघत असतं. तुझ्या एक्सेलमध्ये रोजचं बिलिंग होतं, ते मी आठवड्यांनुसार लावून बघितलं. २०२३ मध्ये मोठं बिलिंग साधारण २० ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर चाललं. २०२४ मध्ये तेच ८ ते २८ ऑक्टोबरमध्ये संपलं. म्हणजे गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पोटात दिवाळीचा चांगला आठवडाभर माल आहे आणि यंदाच्या नोव्हेंबरमध्ये एक पेटीसुद्धा नाही. नोव्हेंबरचा खांब बुटका दिसतो तो पंचांगामुळे.

हे पडताळायला अवघड काही नाही. मागच्या महिन्याचा डेक काढ. ऑक्टोबर ८.२ कोटींवरून १०.९ कोटींवर गेला होता, ३३ टक्के वर, आणि तेव्हा तू "उल्लेखनीय वाढ" लिहिलं होतंस. एका महिन्यात उल्लेखनीय वाढ आणि पुढच्याच महिन्यात लक्षणीय घट, असं दिसलं की पेन खाली ठेवायचं आणि कॅलेंडर उघडायचं. तेजी-मंदी अशी महिन्याच्या एक तारखेला वळत नसते. सण, महिनाअखेरचं बिलिंग, सुट्ट्या, गाड्यांचा संप, ही मंडळी तशी वळतात.

मग तुलना कशाशी करायची? या वेळी सोपं आहे, कारण दोन्ही वर्षांचा दिवाळीचा माल ऑक्टोबर आणि नोव्हेंबर याच दोन महिन्यांत मावतो. दोन्ही महिने एकत्र कर. २०२३ मध्ये ८.२ अधिक ७.५ म्हणजे १५.७ कोटी. २०२४ मध्ये १०.९ अधिक ५.४ म्हणजे १६.३ कोटी. साठ लाख जास्त, टक्केवारीत जेमतेम चार. घट गेली, आणि ३३ टक्क्यांची वाढही गेली.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि "सणाच्या काळात ४ टक्के वाढ" असं लिहून मोकळे होतात. तू थांबू नकोस, कारण पुढची गोष्ट तुझ्याच डेकमध्ये नवव्या स्लाइडवर पडली आहे आणि चौथ्या स्लाइडला तिचा पत्ता नाही. तिथे बारीक अक्षरात लिहिलंय की १ ऑक्टोबरपासून मोठ्या पाकिटांचे भाव वाढवले आणि दहा रुपयांच्या पाकिटाचं वजन ४० ग्रॅमवरून ३८ केलं. का केलं हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असेल. १४ सप्टेंबरला सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची मूळ आयात ड्यूटी शून्यावरून २० टक्क्यांवर नेली, रिफाइंडवरची १२.५ वरून ३२.५ वर, आणि सेवेच्या कढईत शेवटी तेलच असतं.

भाव बदलला असेल तर रुपयांचा चार्ट एकटा काही सांगत नाही. रुपये वाढले ते माल जास्त गेला म्हणून की भाव जास्त लागला म्हणून, हे वजन बघितल्याशिवाय कळत नाही. वजन तुझ्याकडे आहे. दोन महिन्यांत २०२३ मध्ये ७८५ टन गेले, २०२४ मध्ये ७६९ टन. सोळा टन कमी, म्हणजे दोन टक्के.

आता बघ, किती मोह होतो! रुपये चार टक्के वर, टन दोन टक्के खाली. हात आपोआप लिहायला लागतो, "भाववाढीमुळे ग्राहक दुरावला." मीटिंगमध्ये हे वाक्य फार शोभतं. सेल्सवाले माना डोलावतील, कारण त्यांना भाववाढ नकोच होती. आणि हे वाक्य चुकीचं आहे.

वजनाची फोड कर. दहावाली पाकिटं दोन्ही वर्षी ७५ लाख गेली, एकही कमी नाही. पण ४० ग्रॅमच्या हिशोबाने ती होतात ३०० टन आणि ३८ ग्रॅमच्या हिशोबाने २८५ टन. पंधरा टन इथेच गेले, आणि ते ग्राहकाने कमी घेतले नाहीत, आपण कमी भरले. मोठी पाकिटं ४८५ टनांवरून ४८४ वर आली, म्हणजे जिथल्या तिथे. रुपयांकडूनही तपासून बघ. एका दहावाल्या पाकिटाचे कारखान्याला आठ रुपये मिळतात, तेव्हा छोटी पाकिटं दोन्ही वर्षी सहा कोटींचीच. मोठी ९.७ कोटींवरून १०.३ कोटींवर गेली, तेवढ्याच वजनावर, किलोमागे साधारण तेरा रुपये जास्त. ते साठ लाख सगळेच्या सगळे इथून आले. दोन्हीकडून हिशोब जुळला की मग लिहायचं धैर्य करावं.

म्हणजे ग्राहक वाढला नाही आणि पळालाही नाही. तुझ्या दोन खांबांतून हे कोणालाही दिसलं नसतं, आणि शेठजी "आगे बताओ" म्हणतात ते हेच मागत असतात.

"मुळे" या प्रत्ययाबद्दल एक सांगते, कारण त्याने माझी एकदा चांगलीच जिरवली आहे. पीथमपूरच्या एका औषध कंपनीत मी अशाच स्लाइड करायचे. एका मे महिन्यात ओआरएसच्या पुड्यांचा खांब जवळजवळ दुप्पट झाला. मी लिहिलं, "उन्हाळी मोहिमेमुळे विक्री दुप्पट." मोहीम झाली होती, ऊनही होतं, सगळं जुळत होतं. जुलैत अर्धा ट्रक माल परत आला. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत एका मोठ्या स्टॉकिस्टच्या गळ्यात दोन महिन्यांचा माल बांधला होता, टार्गेट पुरं करायला. कोणी मला ते सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. गोदामातला माणूस दोन मजले खालीच बसायचा.

तेव्हापासून मी "मुळे" लिहिण्याआधी बघते की हे मला ठाऊक आहे की नुसतं वाटतंय. तुझ्या बाबतीत, दिवाळी अलीकडे आली आणि रोजचं बिलिंग त्याप्रमाणे सरकलं, हे ठाऊक आहे. तिथे "मुळे" लिही. भाव वाढूनही मोठी पाकिटं तेवढीच का गेली, याचं कारण ठाऊक नाही. बाकीच्या कारखान्यांनीही भाव वाढवले असतील, किंवा दिवाळीत घरात सेव लागतेच म्हणून लोकांनी भाव बघितला नसेल. हे वाटणं आहे, आणि चार्टमधून ते ठरणार नाही. लिहायचंच असेल तर "अंदाज" हा शब्द पुढे ठेवून लिही, नाहीतर सोडून दे.

ओआरएसची चूक तुझ्या चार्टमध्येही दडलेली आहे बरं का. तुमचे आकडे डिस्ट्रिब्यूटरला केलेल्या बिलांचे आहेत. सियागंजमधल्या व्यापाऱ्याच्या गोदामात पेटी पोचली की तुमच्या हिशोबात ती विकली गेली. तिथून ती दुकानात गेली का, दुकानातून कोणाच्या पोह्यांवर पडली का, हे या खांबाला माहीत नाही. दिवाळीचा माल अजून तिथे पडून असेल तर डिसेंबर खरोखरच ढिला जाईल आणि जानेवारीत तारीख उलटलेली पाकिटं परत यायला लागतील. म्हणून डिस्ट्रिब्यूटरकडचा शिल्लक माल विचारून घे. मोठ्या पाच-सहा जणांकडचा जरी मिळाला तरी बरंच कळेल.

आता मला सांग, ही सगळी मेहनत कशासाठी? तुझं आधीचं वाक्य वाचून मीटिंगमध्ये काय ठरलं असतं याची कल्पना कर. "नोव्हेंबर २८ टक्के पडला? मग डिसेंबरमध्ये स्कीम लावा, दहा पेट्यांवर एक फुकट." भरलेल्या गोदामांत आणखी माल, तोही सवलतीत, आणि नेमका तेल महाग झालेलं असताना. चार्टचं महत्त्व असं एखाद्या निर्णयाशी बांधलेलं असतं. लिहायला बसण्यापूर्वी स्वतःला विचार की हा चार्ट बघून टेबलाभोवतीचा कोण माणूस काय करायला उठेल, आणि त्याने ते करावं का. त्याचं उत्तर म्हणजे तुझी शेवटची ओळ.

चौथी स्लाइड मी अशी लिहिली असती. वर मथळ्यात आत्ता आहे "नोव्हेंबर विक्री तुलना". ते नाव आहे, त्यातून काही कळत नाही. त्या जागी:

"ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून बिलिंग ४ टक्के वर, वाढ सगळी भावाची, माल जवळपास तेवढाच"

चार्टमध्ये नोव्हेंबरच्या दोन खांबांऐवजी चार खांब, दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर शेजारी-शेजारी, आणि प्रत्येक वर्षाच्या खांबांवर लक्ष्मीपूजनाची तारीख. एवढी तारीख लिहिली की अर्धं स्पष्टीकरण चार्टच देतो. आणि खाली:

"नोव्हेंबर एकटा २८ टक्के खाली दिसतो, कारण यंदा दिवाळीचा सगळा माल ऑक्टोबरमध्येच निघाला. दोन महिने मिळून १५.७ कोटींचे १६.३ कोटी झाले. छोट्या पाकिटांची संख्या आणि मोठ्या पाकिटांचं वजन गेल्या वर्षीइतकंच आहे. ६० लाखांची वाढ मोठ्या पाकिटांच्या भाववाढीमुळे आहे. डिस्ट्रिब्यूटरकडे किती माल शिल्लक आहे हे अजून कळलेलं नाही, यादी २० तारखेपर्यंत येईल. तोपर्यंत डिसेंबरची स्कीम ठरवू नये असं सुचवते."

सहा वाक्यं झाली. तुझ्या दोन-तीन ओळींपेक्षा जास्त आहेत, पण चौदा स्लाइडमधल्या एकीवर एवढं चालतं. टनांची फोड स्लाइडवर टाकू नकोस. ती मागच्या जोडपत्रात ठेव, कोणी "कशावरून?" विचारलं तर दाखवायला. शेठजी विचारतीलच, मला खात्री आहे.

सातव्या स्लाइडवर मोठ्या पाकिटांचा वाटा नोव्हेंबरमध्ये ६२ टक्क्यांवरून ५२ वर आलेला दिसतो, आणि तू "१० टक्के घट" लिहिलंयस. ही घट १० टक्के-अंकांची आहे. टक्क्यांत मोजली तर ६२ मधले दहा म्हणजे सोळा टक्के होतात. कोणी तरी ही चूक पकडतं आणि मग बाकीच्या स्लाइडवरही विश्वास ठेवत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कारण इथेही दिवाळीच आहे. सणाला लोक किलो-अर्धा किलो नेतात, म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या पाकिटांचा वाटा फुगलेला होता. तेच कारण नव्या शब्दांत पुन्हा लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटतं की दोन वेगळ्या अडचणी आहेत. "कारण स्लाइड ४ प्रमाणे, दिवाळीची तारीख" एवढंच पुरे. खरं तर दोन महिने एकत्र करून हा वाटाही पुन्हा काढून बघ, घसरण बहुतेक उरणारच नाही आणि मग स्लाइडच काढून टाकता येईल.

जिल्ह्यांच्या स्लाइडवर उज्जैन, देवास, खंडवा, खरगोन सगळे जिथल्या तिथे आहेत. तिथे तू चार ओळी ओढून-ताणून लिहिल्यायस. "नेहमीप्रमाणे" लिही आणि स्लाइड मागे ढकल. फक्त त्या चार्टची उभी रेघ शून्यापासून सुरू कर, आत्ता ती चाळीस लाखांपासून सुरू होते, त्यामुळे खरगोन उज्जैनच्या निम्मं दिसतं, आणि तसं ते नाही.

"दिसून येते", "सदर", "लक्षणीय" हे शब्द तुला कोणी शिकवले ते मला कळतंय, मलाही त्यांनीच शिकवले होते. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाच, शेठजींना फोनवर सांगतेयस असं समजून. जे वाक्य फोनवर तोंडात अडतं ते बदल.

एक काम मात्र आजच कर, डिसेंबर संपायच्या आत. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला आहे. म्हणजे तुमच्या गोदामातून माल सप्टेंबरच्या अखेरीलाच निघायला लागेल. सप्टेंबरचा खांब थोडा फुगेल, ऑक्टोबरचा यंदाच्या १०.९ पुढे कदाचित खुजा दिसेल, आणि या वेळी वापरलेली ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज तेव्हा पुरणार नाही, सप्टेंबरही धरावा लागेल. दोन्ही नोव्हेंबर दिवाळीविना असतील, त्यामुळे त्यांची आपापसांत तुलना चालेल. पुढच्या सप्टेंबरच्या डेकची रिकामी फाइल बनव आणि चौथ्या स्लाइडखाली हे आत्ताच लिहून ठेव. तेव्हा तू रजेवर असलीस आणि डेक दुसऱ्या कोणी केला, तरी ते त्याला सापडेल.